हप्ता आणि त्याखालची बारीक ओळ

दसरा-पाडव्याच्या आसपास दुचाकीच्या शोरूमबाहेर नवे फलक लागतात. त्यावर गाडीचा फोटो, फोटोशेजारी एक ठळक आकडा आणि आकड्याच्या टोकाला एक छोटी चांदणी. ‘महिना फक्त १,९९९.’ चांदणीचा खुलासा फलकाच्या अगदी तळाशी असतो आणि तो वाचायचा तर फलकाजवळ जाऊन वाकावं लागतं. टीव्हीवर आणि मोबाइलवरही हेच होतं. गाडी वळण घेत असते, संगीत चढत असतं आणि खाली पांढऱ्या अक्षरांच्या चार ओळी येऊन जातात. पहिली ओळ निम्मी वाचून होते तोवर पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलेलं असतं.

अशा ओळींबद्दल तक्रार करताना आपण अक्षरांच्या आकाराबद्दल बोलतो. आकाराचा प्रश्न आहेच, पण मला वाटतं मूळ दुखणं वरच्या वाक्यात असतं. ‘महिना फक्त १,९९९’ यात कर्ज किती, हप्ते किती, व्याज किती, सुरुवातीला हातातून किती जाणार, यातलं काहीच नाही. वर जे सांगायचं राहिलं ते सगळं खाली कोंबावं लागतं. म्हणून खालच्या ओळी वाढतात, आणि वाढल्या की बारीक होतात. उलट, बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी एकच उदाहरण पुरतं सांगितलं, तर खाली लिहायला फार थोडं उरतं आणि ते मोठ्या अक्षरात, सावकाश दाखवता येतं.

हे प्रत्यक्षात कसं जमतं ते चाळीस सेकंदांच्या एका संहितेवरून पाहू. ती मी या लेखासाठी लिहिली आहे. तिच्यातली गाडी, कर्ज देणारी कंपनी आणि दर कल्पित आहेत, हिशेब मात्र खरा आहे. आधी हिशेबच पाहू, कारण संहिता त्यावर उभी आहे.

उदाहरणातल्या गाडीची ऑन-रोड किंमत १,०५,००० रुपये धरली आहे. ऑन-रोड म्हणजे एक्स-शोरूम किमतीत रोड टॅक्स, आरटीओची नोंदणी आणि विमा मिळवून होणारी रक्कम. सप्टेंबर २०१८पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो, त्यामुळे या दोन किमतींतलं अंतर काही दोन-पाचशे रुपयांचं नसतं. जाहिरातीनं एक्स-शोरूम किंमत धरून हप्ता काढला तर आकडा सुबक दिसतो. पण ग्राहक काउंटरवर पोचला की एक तर डाउन पेमेंट वाढतं, नाही तर कर्ज. म्हणून उदाहरणाची पहिली पायरी ऑन-रोड किंमत हीच हवी.

ग्राहकाकडे पंचवीस हजार आहेत. उरलेले ऐंशी हजार कर्ज, वर्षाला पंधरा टक्के व्याज आणि मुदत तीन वर्षं, म्हणजे छत्तीस हप्ते. वर्षाला पंधरा म्हणजे महिन्याला सव्वा टक्का. ऐंशी हजारांवर पहिल्या महिन्याचं व्याज बरोबर एक हजार रुपये होतं. हप्ता येतो २,७७४ रुपये. त्यातले हजार व्याजात जातात आणि १,७७४ मुद्दलात. आता फेडायचे राहिले ७८,२२६. दुसऱ्या महिन्याचं व्याज या रकमेवर लागतं, ते ९७८ रुपये. हप्ता तेवढाच राहतो, पण त्यातला व्याजाचा वाटा दर महिन्याला थोडा कमी होतो आणि मुद्दलाचा तेवढाच वाढतो.

पडताळून पाहायचं असेल तर संगणकावरच्या कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये हे एवढं टाइप करावं:

```
=PMT(15%/12,36,-80000)
```

उत्तर २,७७३ रुपये २३ पैसे येतं. कर्ज देणारे बहुधा ते वरच्या रुपयापर्यंत नेतात आणि शेवटच्या हप्त्यात तेवढी वजावट करतात. इथे पस्तीस हप्ते २,७७४चे आणि छत्तिसावा २,७३९चा होईल. सगळे मिळून ९९,८२९ रुपये. त्यातलं व्याज १९,८२९.

या हिशेबात एक जागा आहे, जिथे बहुतेकांचा गैरसमज होतो. निम्मे हप्ते भरून झाले, म्हणजे अठरा, तर निम्मं कर्ज फिटलं असं आपण धरतो. प्रत्यक्षात अठराव्या हप्त्यानंतर मुद्दल ४४,४३८ रुपये बाकी असतं, चाळीस हजार नव्हे. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो, म्हणून असं होतं. दीड वर्षानं कर्ज एकरकमी फेडायला गेलेला माणूस हा आकडा ऐकून भांडायला उठतो आणि काउंटरवरच्या मुलाला ते समजावता येत नाही. कुणाची लबाडी नसतानाही लबाडीचा संशय येतो.

आता हेच कर्ज दुसऱ्या पद्धतीनं सांगून पाहू. एकूण व्याज १९,८२९. तीन वर्षांत वाटलं तर वर्षाला ६,६१० रुपये. मूळ ऐंशी हजारांशी त्याचं प्रमाण काढलं की येतात ८.२६ टक्के. यालाच शोरूममध्ये ‘फ्लॅट’ दर म्हणतात. हप्ता तोच २,७७४, एकूण पैसे तेच, कर्ज तेच. पण एका फलकावर पंधरा टक्के लिहिलंय आणि शेजारच्यावर सव्वाआठ. फ्लॅटच्या हिशेबात असं गृहीत धरलेलं असतं की तुमच्याकडे तिन्ही वर्षं पूर्ण ऐंशी हजार होते. तुम्ही मात्र पहिल्या महिन्यापासून ते परत करत असता. दुचाकीच्या बाजारात हे दोन दर शेजारी शेजारी बोलले जातात, म्हणून जाहिरातीत टक्क्यांच्या पुढे ‘शिल्लक रकमेवर’ हे शब्द आले नाहीत तर तो टक्का निरर्थक आहे.

हप्ता छोटा दाखवायचा सर्वात सोपा मार्ग मात्र मुदत वाढवण्याचा. हेच ऐंशी हजार याच दरानं चार वर्षांसाठी घेतले तर हप्ता २,२२६वर येतो. महिन्याला साडेपाचशे रुपये वाचल्यासारखे वाटतात, पण एकूण परतफेड १,०६,८७०च्या घरात जाते, म्हणजे सात हजार रुपये जास्त. चार वर्षांची मुदत घेणं चूक नाही. महिन्याची ओढाताण टाळायला कुणी ते समजून-उमजून घेईल. चूक होते ती एकूण रक्कम न सांगता फक्त छोटा हप्ता सांगण्यात. ‘रोज फक्त ९३ रुपये’ हा त्याचाच पुढचा प्रकार. बँक खात्यातून रोज ९३ रुपये जात नाहीत. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला एकदम २,७७४ जातात, आणि त्या दिवशी खात्यात तेवढे नसतील तर हप्ता बाउन्स होतो. ज्या आकड्याची तयारी ठेवायची आहे तोच आकडा जाहिरातीनं सांगायला हवा.

राहिली प्रोसेसिंग फी. ती दोन टक्के धरली, म्हणजे १,६०० रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे २८८. एकूण १,८८८. आकडा लहान दिसतो, पण तो पहिल्याच दिवशी जातो. ऐंशी हजारांचं कर्ज घेऊन हातात खरे ७८,११२च पडले आणि हप्ते मात्र ऐंशी हजारांचे भरले, असा त्याचा अर्थ. हे धरून वर्षाचा खरा दर काढला तर तो पंधरा राहत नाही, १६.७ टक्के होतो. याला एपीआर म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४च्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक नव्या किरकोळ मुदत कर्जाआधी ग्राहकाला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा तक्ता द्यावा लागतो आणि त्यात हा एपीआर लिहावा लागतो. दोन कंपन्यांची तुलना करायला सर्वात उपयोगी आकडा हाच, कारण दर कमी आणि फी जास्त असा खेळ त्यात लपत नाही.

एवढा हिशेब चाळीस सेकंदांत बसवायचा, आणि तोही नियमांच्या चौकटीत. नियम दोन ठिकाणचे आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जून २०२२मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत खुलाशाच्या ओळीबद्दल स्पष्ट सांगितलं आहे. जाहिरातीतला दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत खुलासा हवा. महत्त्वाची माहिती दडवण्यासाठी खुलासा वापरता येणार नाही, आणि फसवा दावा करून खालच्या ओळीनं तो दुरुस्त करता येणार नाही. दावा आवाजात असेल तर खुलासा त्याच वेळी पडद्यावर दिसायला हवा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा दहा लाख आणि पुढे पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दुसरी चौकट जाहिरात उद्योगाच्या स्वतःच्या संस्थेची, म्हणजे ‘अ‍ॅस्की’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या परिषदेची. तिच्या नियमांनुसार एका चौकटीत एकच खुलासा असावा, तो दोन ओळींपेक्षा मोठा नसावा आणि प्रत्येक ओळ चार सेकंदांपेक्षा जास्त वेळ पडद्यावर राहावी.

भाषेच्या नियमाकडे मराठी जाहिराती सर्रास दुर्लक्ष करताना दिसतात. संवाद अस्सल कोल्हापुरी, हप्ता मराठीत आणि अटी इंग्रजीत. ज्या माणसाला मराठीतून कर्ज विकायचं, त्याला अटीही मराठीतच वाचता यायला हव्यात. इथे सवलत द्यायला मला काहीच कारण दिसत नाही.

दुसऱ्या चौकटीतलं गणित संहिता लिहिणाऱ्यानं सगळ्यात आधी करायला हवं. चाळीस सेकंदांत, अगदी सलग ओळी दाखवल्या तरी, दहा ओळीही पुरत्या बसत नाहीत. आणि सलग दाखवणं वेडेपणाचं आहे, कारण प्रेक्षक माणसांचे चेहरे आणि मोठे आकडेही पाहत असतो. माझा अंदाज असा की चार ओळींच्या पुढे गेलो तर त्या कोणी वाचणार नाही. बोलण्याचंही तसंच. सावकाश, दोन माणसं बोलतात तसं मराठी बोललं तर चाळीस सेकंदांत नव्वदच्या आसपास शब्द होतात. ‘दोन हजार सातशे चौऱ्याहत्तर’ यातच चार शब्द गेले. म्हणून उदाहरण एकच हवं, दोन नाहीत.

ही ती संहिता.

दृश्य १, शून्य ते आठ सेकंद. शोरूमचं काउंटर. डबे पुरवणाऱ्या मंगलताई स्कूटरकडे बोट दाखवून विचारतात. मुलगा कोटेशनचा कोरा कागद ओढतो.
मंगलताई: “दादा, या गाडीला महिना किती हप्ता बसेल?”
मुलगा: “आधी पूर्ण किंमत धरू, ताई. रस्त्यावर येईपर्यंत एक लाख पाच हजार.”
कागदावर पेननं: ऑन-रोड १,०५,०००.
खाली, तिसऱ्या सेकंदापासून: ‘किंमत उदाहरणादाखल. मॉडेल आणि गावानुसार बदलते.’

दृश्य २, आठ ते सतरा सेकंद.
मंगलताई: “पंचवीस हजार आहेत माझ्याकडे.”
मुलगा: “मग कर्ज ऐंशी हजारांचं. वर्षाला पंधरा टक्के व्याज, तेही जेवढं फेडायचं राहिलंय तेवढ्यावरच.”
कागदावर: रोख २५,०००. कर्ज ८०,०००.
खाली: ‘व्याजदर ग्राहकानुसार १३ ते २२ टक्के. या उदाहरणात १५ टक्के.’

दृश्य ३, सतरा ते अठ्ठावीस सेकंद.
मुलगा: “महिना दोन हजार सातशे चौऱ्याहत्तर. असे छत्तीस हप्ते. तीन वर्षं.”
मंगलताई: “आणि सगळे मिळून किती जातील?”
मुलगा: “लाखाला थोडे कमी. म्हणजे ऐंशी हजारांवर व्याज जवळजवळ वीस हजार.”
कागदावर: २,७७४ × ३६. त्याखाली: एकूण ९९,८२९, व्याज १९,८२९.
तळाशी ओळ नाही.

दृश्य ४, अठ्ठावीस ते पस्तीस सेकंद.
मुलगा: “प्रोसेसिंग फी अठराशे अठ्ठ्याऐंशी, ती वेगळी.”
मंगलताई: “हे सगळं लिहून द्या. घरी विचारून सांगते.”
कागदावर: फी, करासह १,८८८.
खाली: ‘फी धरून वर्षाचा दर, एपीआर, १६.७ टक्के.’

दृश्य ५, पस्तीस ते चाळीस सेकंद. मंगलताई कागद घडी करून पिशवीत ठेवतात. पडद्यावर कर्ज देणाऱ्या कंपनीचं पूर्ण नाव, मोठ्या अक्षरात.
निवेदन: “हप्ता आधी समजून घ्या, मग सही करा.”
खाली: ‘पात्रता तपासून कर्ज मंजूर. हप्ता चुकल्यास वेगळे शुल्क.’

तिसऱ्या दृश्यात तळाशी काही नाही, ते मुद्दाम. जाहिरातीतला सर्वात महत्त्वाचा आकडा बोलला जात असताना प्रेक्षकाची नजर दुसरीकडे ओढायची नाही. आणि तिथे खुलाशाची गरजही उरत नाही. हप्ता, हप्त्यांची संख्या, एकूण रक्कम आणि व्याज चारही गोष्टी मोठ्यानं सांगून झाल्या आहेत. चांदणी लावायला जागाच नाही. एपीआर मात्र चौथ्या दृश्यात ठेवला, कारण फीचा उल्लेख आवाजात तिथे येतो. तो दुसऱ्या दृश्यात पंधरा टक्क्यांखाली दिला असता तर प्रेक्षक दोन दरांत गोंधळला असता.

बोलताना ‘लाखाला थोडे कमी’ आणि कागदावर ९९,८२९, ही विभागणीही विचारपूर्वक केली आहे. कान गोल आकडा धरतो, डोळा नेमका. पण गोल करताना दिशा सांभाळावी लागते. व्याज १९,८२९ असताना ‘वीस हजार’ म्हणणं चालेल, कारण ऐकणाऱ्याला खर्च थोडा जास्त वाटतो. ‘एकोणीस हजारांच्या वर’ असं म्हटलं तर तेही खोटं नाही, पण ते विकणाऱ्याच्या बाजूनं गोल केलेलं आहे.

दुसऱ्या दृश्यातल्या ‘१३ ते २२ टक्के’ या ओळीवर कंपनीची विक्री शाखा हमखास अडेल. त्यांना तेरा टक्क्यांचं उदाहरण हवं असतं, कारण हप्ता आणखी कमी दिसतो. पण तेरा टक्के चांगला सिबिल स्कोअर असलेल्या मोजक्या ग्राहकांनाच मिळत असतील, तर उदाहरण खरं असूनही फसवं होतं. ब्रिटनमध्ये कर्जाच्या जाहिरातींतल्या नमुना उदाहरणासाठी मोजमापच ठरवून दिलं आहे: जाहिरात पाहून कर्ज घेणाऱ्यांपैकी निदान ५१ टक्क्यांना तो दर किंवा त्याहून चांगला दर मिळेल असं कंपनीला वाटायला हवं. आपल्याकडे संहिता लिहिणाऱ्यानं कंपनीला हा साधा प्रश्न विचारावा: गेल्या तिमाहीत दुचाकीची जी कर्जं दिली, त्यांतल्या निम्म्यांना हा दर मिळाला का? नाही असं उत्तर आलं तर उदाहरणातला दर बदलायचा. इथे तडजोड झाली की पुढे खालच्या ओळीला कितीही मोठं केलं तरी उपयोग नाही.

‘घरी विचारून सांगते’ हे वाक्यही कापायला सांगितलं जाईल. जाहिरातीच्या शेवटी गाडी दारात उभी हवी, पेढे वाटले जायला हवेत. पण हे वाक्य नियमाशी जुळणारं आहे. की फॅक्ट स्टेटमेंट दिल्यावर, सात दिवस किंवा जास्त मुदतीच्या कर्जासाठी, ग्राहकाला विचार करायला किमान तीन कामाचे दिवस द्यायचे असतात. तेवढ्या काळात ग्राहकानं होकार दिला तर त्यात लिहिलेल्या अटी कंपनीवर बंधनकारक असतात. शिवाय तो तक्ता ग्राहकाला समजणाऱ्या भाषेत द्यावा लागतो. मंगलताई कागद पिशवीत ठेवतात ते दृश्य म्हणूनच ठेवलं आहे. शेवटी गाडी चालवतानाचं दृश्य घ्यायचंच ठरलं तर चालवणारीच्या आणि मागे बसणाऱ्याच्याही डोक्यावर हेल्मेट हवं, हे चित्रीकरणाच्या दिवशी कोणी विसरू नये.

आता खालच्या ओळी खरंच वाचता येतात का, हा प्रश्न. अ‍ॅस्कीच्या नियमात टीव्हीसाठी आकारही दिला आहे. १,०८० रेषांच्या एचडी चित्रात इंग्रजी छोट्या लिपीतल्या अक्षराची उंची किमान १८ पिक्सेल हवी, म्हणजे पडद्याच्या उंचीचा साठावा भाग. देवनागरीत छोटी-मोठी लिपी नसते, म्हणून ही उंची मात्रा-वेलांट्या सोडून मोजावी. ‘व’सारखं साधं अक्षर शिरोरेषेपासून तळापर्यंत १८ पिक्सेल भरलं पाहिजे. वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांना जागा वेगळी, त्यामुळे मराठी ओळ इंग्रजीपेक्षा उंच होते आणि दोन ओळींमधलं अंतरही वाढवावं लागतं. ते न वाढवता इंग्रजी ओळीच्या साच्यात मराठी ओतली की वरच्या ओळीतला ‘शुल्क’चा उकार खालच्या ओळीतल्या मात्रेवर बसतो.

आणि ही किमान मर्यादा घरातल्या टीव्हीसाठी आहे. मोबाइल आडवा धरला तर त्याच्या पडद्याची उंची साधारण साडेसहा-सात सेंटिमीटर भरते. तिचा साठावा भाग एक मिलिमीटरच्या जेमतेम वर. एवढ्या आकारात बारीक टाइपातला अनुस्वार पुसला जातो, जोडाक्षरं गोळा होतात आणि देवनागरीतला १ आणि ९ यांतला फरक कळेनासा होतो. ‘१,९९९’ आणि ‘१,१९९’ यांत महिन्याला आठशे रुपयांचं अंतर आहे! म्हणून मोबाइलसाठीची आवृत्ती वेगळी करावी, ओळीचा आकार निदान दुप्पट धरावा, अक्षरांमागे गडद पट्टी द्यावी आणि ओळ पडद्याच्या अगदी तळाशी ठेवू नये, कारण तिथे अ‍ॅपची बटणं आणि मथळे तिच्यावर येतात.

तपासणीची पद्धत साधी आहे. संकलकाच्या मोठ्या पडद्यावर नव्हे, तर साध्या मोबाइलवर जाहिरात लावायची, फोन हातभर अंतरावर धरायचा आणि संहिता आधी न पाहिलेल्या पन्नाशीच्या माणसाला प्रत्येक खुलासा मोठ्यानं वाचायला सांगायचा. ओळ जाण्याआधी वाचून झाली नाही, तर शब्द कमी करायचे. वेग वाढवायचा नाही. मग आवाज बंद करून पुन्हा दाखवायचं आणि विचारायचं: कर्ज किती, हप्ता किती, किती महिने, एकूण किती? फोनवर बरेच जण आवाजाशिवायच जाहिरात पाहतात. कागदावर पेननं उमटणारे आकडे त्यांच्यासाठी आहेत, म्हणून ते एकदा उमटले की दृश्य संपेपर्यंत पुसायचे नाहीत. चारपैकी ‘किती महिने’ याचं उत्तर बहुधा चुकतं. तसं झालं तर ‘× ३६’ पुरेसा मोठा नाही, असं समजावं.

रेडिओवर ओळीच नसतात, तिथे खुलासाही बोलावाच लागतो. अटी धापा टाकत, दुप्पट वेगानं म्हणायची पद्धत सर्वांनी ऐकली आहे. त्यावर तांत्रिक उपाय शोधण्यापेक्षा संवाद कमी करावेत. गाडीची स्तुती गाळून हप्ता, महिने, एकूण रक्कम आणि ‘दर ग्राहकानुसार बदलतो’ एवढंच एका वेगात बोललं तर तीस सेकंद पुरतात.

काही गोष्टी जाहिरातीत बसणार नाहीत, आणि त्या बसवू नयेत. हप्ता चुकला तर नेमकं किती शुल्क, मुदतीआधी फेडलं तर किती, आरसीवर चढलेला कर्जाचा बोजा उतरवायला एनओसी कधी मिळणार, हे की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये आणि करारात वाचायचं. जाहिरातीचं काम एवढंच की त्या कागदातले आकडे पाहून ग्राहकाला धक्का बसू नये. तक्त्यात न दाखवलेलं कोणतंही शुल्क ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही, हेही रिझर्व्ह बँकेच्या त्याच परिपत्रकात आहे.

चित्रीकरण, संकलन, मंजुरी सगळं झाल्यावर एक अडचण उरते, ती म्हणजे जुन्या जाहिरातीची. कंपनीचा दर बदलतो, गाडीची किंमत बदलते, पण पाडव्याला बनवलेली चित्रफीत विक्रेत्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर दिवाळीपर्यंत फिरत राहते. कधी तो तिचं एक स्थिरचित्र कापून त्यावर स्वतःच्या दुकानाचा नंबर टाकतो, आणि कापताना खालची ओळ जाते. म्हणून आकडे कागदावर, चित्राच्या मधोमध ठेवलेले बरे. तिथून ते कापता येत नाहीत. त्याच कागदाच्या कोपऱ्यात, कोटेशनवर असते तशी, ‘दर या महिन्यापर्यंत लागू’ अशी तारीख पेननं लिहावी. ती वेगळी ओळ होत नाही, तिला वेगळे सेकंद लागत नाहीत, आणि सहा महिन्यांनी तो फोटो पाहणाऱ्याला हे आकडे आजचे नाहीत हे लगेच कळतं.